मोलर मास काढताय? थर्मामीटरचं सगळ्यात खालचं रीडिंग घेऊ नका

बारावीला कोलिगेटिव्ह प्रॉपर्टीजची गणितं पटापट सुटायची, पण बीएस्सीच्या लॅबमधे तोच फॉर्म्युला हातात घेऊन नॅप्थलीनचं मोलर मास काढायला बसलं की उत्तर 95 येतं, 110 येतं, काहीही येतं. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, घोळ होतो तो ΔTf मधे, म्हणून त्यावरच लिहितेय.

आधी आकडे. 20 ग्रॅम सायक्लोहेक्झेनमधे 0.30 ग्रॅम नॅप्थलीन. सायक्लोहेक्झेनचा Kf साधारण 20, पाण्याचा फक्त 1.86, म्हणजे इथे फरक ढळढळीत दिसतो आणि 0.1 डिग्रीच्या साध्या थर्मामीटरवरही काम भागतं. गोठणबिंदू 2.34 डिग्रीने खाली आला तर

M = (Kf × w × 1000) / (ΔTf × W) = (20 × 0.30 × 1000) / (2.34 × 20) ≈ 128

बरोब्बर नॅप्थलीन.

आता खरी अडचण. बर्फाच्या पाण्यात टेस्टट्यूब ठेवली की द्रावण त्याच्या गोठणबिंदूला लगेच गोठत नाही, त्याच्याही खाली जातं (सुपरकूलिंग), मग अचानक क्रिस्टल पडतात, उष्णता बाहेर पडते आणि पारा परत वर चढतो. सगळ्यात खालचं रीडिंग धरलंत आणि तिथे 0.8 डिग्रीचं सुपरकूलिंग असेल तर ΔTf होतो 3.14 आणि उत्तर येतं 95-96. एवढं बहुतेकांना सांगितलेलं असतं. पण पुढचं कुणी सांगत नाही.

पारा वर चढून जिथे थांबतो ते रीडिंगसुद्धा द्रावणासाठी बरोबर नसतं! शुद्ध सॉल्व्हंटला ते चालतं, कारण तिथे सपाट रेघ मिळते. द्रावणात मात्र जे क्रिस्टल पडतात ते नुसत्या सॉल्व्हंटचे असतात, नॅप्थलीन उरलेल्या द्रवातच राहतं, म्हणजे तो द्रव आता जास्त कॉन्सन्ट्रेटेड झाला आणि त्याचा गोठणबिंदू अजून खाली गेला. सायक्लोहेक्झेनमधे हे जास्तच जाणवतं, कारण ते गोठताना ग्रॅममागे जेमतेम 32 जूल देतं (पाणी 334 देतं), त्यामुळे एक डिग्री सुपरकूलिंग भरून काढायला जवळपास 5 टक्के सॉल्व्हंट गोठावं लागतं. मग ΔTf 2.34 ऐवजी 2.46 दिसतो आणि मोलर मास 122. टक्केवारीत चूक छोटी वाटते, पण "काळजीपूर्वक करूनही उत्तर कमीच का येतं" याचं कारण बरेचदा हेच असतं.

उपाय ग्राफ. दर 15-20 सेकंदांनी तापमान लिहा, क्रिस्टल पडल्यावरही पाच-सहा मिनिटं लिहीत रहा. नंतरची रेघ हळूहळू खाली उतरत असते, ती पट्टीने मागे वाढवा, सुरुवातीच्या थंड होण्याच्या रेघेला जिथे छेदते तो खरा गोठणबिंदू. यात दिरंगाई नको, सगळी ट्यूब घट्ट झाल्यावर घेतलेल्या रीडिंगचा काही उपयोग नाही. सुपरकूलिंग मुळातच कमी करायचं तर ट्यूब दुसऱ्या मोठ्या ट्यूबमधे ठेवा म्हणजे मधे हवा राहते आणि थंड होणं सावकाश होतं, आणि स्टरर एकसारखा हलवत रहा. बर्फात मीठ घालून घाई करायचा सल्ला सीनियर्स देतात, तो ऐकू नका, त्याने सुपरकूलिंग वाढतं.

अजून एक, शुद्ध सायक्लोहेक्झेनचा गोठणबिंदू पुस्तकातला 6.5 घेऊ नका, त्याच बाटलीतलं सॉल्व्हंट आणि तोच थर्मामीटर वापरून स्वतः काढा. थर्मामीटर अर्धा डिग्री चुकीचा असला तरी वजाबाकीत ती चूक जाते. आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून 128 उतरवणं सरळ बंद करा, वायवाला ग्राफ मागितला की काय दाखवणार? तुमचं उत्तर 124 आलं आणि रेघ नीट वाढवलेली असेल तर ते चांगलं उत्तर आहे, घाबरू नका.

उत्कलनबिंदूच्या वाटेला मी शक्यतो जात नाही. पाण्याचा Kb 0.52, म्हणजे 0.1 मोलल युरियाला फक्त 0.05 डिग्री, आणि हवेचा दाब दीड मिलिमीटर पाऱ्याने बदलला तरी पाणी तेवढंच वरखाली उकळतं.

प्रोटीन किंवा पॉलिमर असेल तर मात्र हे दोन्ही सोडा. 60,000 मोलर मासचं प्रोटीन लिटरला 1 ग्रॅम घेतलं तर गोठणबिंदू 0.00003 डिग्रीने उतरतो, कुठल्या थर्मामीटरवर बघणार? त्याच द्रावणाचा ऑस्मॉटिक प्रेशर 25 डिग्रीला सुमारे 4 मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा येतो, तो मोजता येतो. तिथेही एकाच कॉन्सन्ट्रेशनवर भागत नाही, चार-पाच घ्या, π/c चा ग्राफ काढा, रेघ c = 0 पर्यंत न्या आणि तिथल्या किमतीने RT ला भागा.