बाथरूमचं लायटिंग: आरशात चेहरा काळवंडलेला दिसतो? या चुका टाळा

आपल्याकडे जळगाव-भुसावळ-धुळ्याला नवीन घर बांधलं की हॉलच्या पीओपीवर भरपूर पैसा जातो आणि बाथरूमला वायरमन छताच्या मधोमध एक गोल लाईट लावून मोकळा होतो. मेव्हण्याचं भुसावळचं बाथरूम असंच होतं, पाच बाय आठ फूट, मध्ये बारा वॅटचा पांढराफटक डाऊनलाईट, दाराजवळच्या लांब भिंतीवर बेसिन आणि दोन फुटी आरसा. उजेड कमी नव्हता, तरी दाढी करताना हनुवटीखालचे खुंट राहून जायचे. मेव्हणा म्हणे वीस वॅटचा लावू का? लाव की, सावली अजून गडद होईल!

कारण बेसिनसमोर उभं राहिलं की तो लाईट डोक्यावर आणि जरा पाठीमागे येतो, म्हणजे कपाळ-केस चमकतात आणि डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालची जागा, हनुवटी अंधारात. वॅट वाढवून हे जात नाही, उजेड समोरून यायला पाहिजे. आणि तो चेहऱ्यावर पडला पाहिजे, आरशावर नाही, हे बरेच जण उलटं समजतात. आरशामागे एलईडी पट्टी लावलेले आरसे आता खूप चाललेत, पण ज्यात फक्त मागच्या भिंतीवर उजेड पडतो तो शोभेचा, दाढीला किंवा मेकअपला त्याचा काही उपयोग नाही.

मेव्हण्याकडे आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे, दुधी कव्हरचे, सहा-सहा वॅटचे लाईट घेतले. दोघांमधलं अंतर साधारण तीस इंच, आणि लाईटचा मधला भाग जमिनीपासून सव्वापाच फुटावर म्हणजे डोळ्यांच्या आसपास, घरात सगळे बुटके असतील तर थोडं खाली घ्या. दोन्हीकडून सारखा उजेड आला की एकाची सावली दुसरा खाऊन टाकतो. बाजूला जागाच नसेल तर आरशाच्या वर साडेसहा फुटाच्या आसपास दोन फुटी आडवा लाईट चालतो, पण तो भिंतीला चिकटून सरळ खाली उजेड टाकणारा नको, पुढे चेहऱ्याकडे टाकणारा पाहिजे. यासाठी पॉईंट टाईल्स बसायच्या आधीच काढून घ्या, नंतर टाईल फोडायला कोणाचाच जीव होत नाही.

आता रंग. दुकानात नुसतं लाईट द्या म्हटलं की बहुतेकदा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा हातात येतो, त्यात चांगला माणूस पण आजारी दिसतो. ३००० चा पिवळसर, त्यात पांढऱ्या टाईल्स पण पिवळट वाटतात आणि फाउंडेशनचा शेड चुकतो, बाहेर उन्हात गेलं की कळतं. आरशाजवळ ४००० घ्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पण बघा, ८० नेहमीचा, ९० मिळाला तर कातडीचा रंग खरा दिसतो. आणि छताचा ६५०० अन् आरशाचा ४००० अशी खिचडी नको, मेव्हण्याचा छताचा लाईट पण म्हणूनच बदलायला लावला.

तिसरी चूक ओलाव्याची. लाईटच्या खोक्यावर आयपी नंबर असतो, त्यातला दुसरा आकडा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. आयपी२० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, तो बैठकीच्या खोलीतला माल. बेसिनजवळ आयपी४४ पुरतो, शॉवरच्या वर किंवा जिथे पाणी उडतं तिथे आयपी६५ घ्या. पण काही डाऊनलाईट फक्त पुढच्या बाजूने आयपी६५ असतात, मागून उघडे, आणि गिझरच्या पाण्याची वाफ पीओपीत वरून शिरते, म्हणून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. एक्झॉस्ट नसेल तर थंडीत हा त्रास जास्त. कव्हरच्या आत थेंब किंवा काळसर डाग दिसले की समजायचं पाणी आत जातंय, मेन बंद करून वायर शिरते ते भोक बघा, बहुतेकदा तिथूनच घुसतं. भिंतीवरच्या लाईटला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन मारा, खालची कड मोकळी ठेवा, आत गेलेलं पाणी निघायला वाट पाहिजे ना.

ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तसा करंट देणारा छोटा डबा, वेगळा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर किंवा हात पोचेल अशा कोरड्या जागी ठेवा. वर गच्चीचा स्लॅब असेल तर मे महिन्यात आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत पीओपीच्या आत भट्टी होते, लाईट लुकलुकायला लागतो आणि लोक लाईट बदलतात, खरा मेलेला असतो ड्रायव्हर.

अजून एक तक्रार हमखास येते, बटण बंद केलं तरी रात्री लाईट मिणमिणतो. बटणात छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या बारीक करंटनेही होतं, पण इंडिकेटर नसेल तर वायरमनला बोलावून बटणावर फेज आहे का न्यूट्रल ते तपासा. न्यूट्रल तुटत असेल तर बटण बंद असूनही फिटिंगमध्ये करंट जिवंत राहतो, ओल्या हाताने कव्हर उघडलं तर झटका. ते आधी दुरुस्त करून घ्या आणि त्याच फेरीत बाथरूमच्या लाईनला करंट गळाला की लाईन तोडणारी ३० मिलीअँपची आरसीसीबी आहे का तेही बघायला सांगा, एमसीबी असली तरी ती वेगळी लागते.