पगारपावती आणि बँकेतली जमा रक्कम कशी ताडून पाहावी

खात्यातली शिल्लक पाहून पगार ताडायला बसू नका. पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये पगाराच्या जमेची ओळ शोधा आणि तेवढाच आकडा घ्या. पगार पडल्या पडल्या मोटारसायकलचा हप्ता कापला गेला, तर शिल्लक कमी दिसते आणि दोष विनाकारण कंपनीला जातो.

आता पावती घ्या. समजा, जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यातला एक कामगार आहे. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये, इतर भत्ते 4,000, एकूण 18,000. नोव्हेंबरमध्ये त्याचे दोन खाडे झाले, आणि कंपनी पगार 30 दिवसांवर काढते.

सगळ्यात आधी हजेरी बघा. पावतीवरचे भरलेले दिवस 28 हवेत. ते चुकले असतील तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, म्हणून टाइम ऑफिसच्या नोंदीशी दिवस जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही कारखाने 30 ऐवजी 26 ने भागतात. तिथे एका खाड्याला 600 ऐवजी सुमारे 692 रुपये जातात. आपल्याकडे कोणता भागाकार चालतो, हे एकदा विचारून ठेवावं.

28 दिवसांचा हिशेब असा येतो:

मूळ व महागाई भत्ता: 13,067
इतर भत्ते: 3,733
एकूण कमाई: 16,800
पीएफ, 13,067 च्या 12 टक्के: 1,568
ईएसआय, 16,800 च्या 0.75 टक्के: 126
व्यवसाय कर: 200
हातात: 14,906

बहुतेकांची गफलत इथेच होते. खाडे नसते तर हातात 15,985 आले असते. दोन दिवसांचे 1,200 कापले, तरी हातातला फरक 1,079 चाच आहे, कारण कमाई घटली की पीएफ आणि ईएसआयही घटतात. खाडे कापूनही पावतीवर पीएफ 1,680 आणि ईएसआय 135 असे पूर्ण महिन्याचेच आकडे असतील, तर कपात जुन्या आकड्यावर झाली आहे. ती दुरुस्त करून मागा. मूळ पगार 15,000 च्या वर असेल तर मात्र बऱ्याच कंपन्या पीएफ 1,800 वरच थांबवतात, तेव्हा एकदोन खाड्यांनी तो हलेलच असं नाही.

व्यवसाय करही नीट पाहा. महाराष्ट्रात महिना 10,000 च्या वर कमावणाऱ्या पुरुषाला तो 200 रुपये, फेब्रुवारीत 300. स्त्रियांना 25,000 पर्यंत माफ आहे. म्हणजे हीच पावती एखाद्या ताईंची असेल, तर ते 200 रुपये कापलेच जायला नकोत.

आता बँकेची ओळ. पावतीवर 14,906 आणि जमा 14,406 असेल, तर असा सरळ 500 चा फरक बहुधा दिवाळीच्या उचलीचा असतो. उचल कापायला हरकत नाही, पण ती पावतीवर दिसलीच पाहिजे. न दिसलेल्या कपातीचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही आणि उचल किती फिटली यावर पुढे वाद होतो.

पीएफचं अजून एक काम बाकी असतं. पावतीवर कापलेला पीएफ खात्यात भरायला कंपनीला पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मुदत असते. त्यानंतर आठवडाभराने पीएफ पासबुकात कामगाराच्या हिश्श्याच्या रकान्यात 1,568 आहेत का ते बघा.

पगारच आला नाही तर? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची 7 तारीख संपायच्या आत द्यावा, असं वेतन संहिता सांगते. त्यामुळे 3 तारखेला भांडण काढू नका, पण 7 तारखेच्या आसपास हप्ता असेल तर तेवढी शिल्लक ठेवा. हप्ता परत गेला की बँक आणि कर्ज देणारी कंपनी, दोघंही दंड लावतात.

8 तारखेला पहिला प्रश्न सोबतच्या कामगारांना विचारा: तुमचा आला का? कोणाचाच आला नसेल तर अडचण कंपनीकडे किंवा ठेकेदाराकडे आहे. फक्त तुमचाच अडला असेल तर हिशेब खात्याकडून पगार बँकेतून पाठवल्याचा यूटीआर नंबर मागा. नंबरच नसेल तर पैसे अजून निघालेले नाहीत. असेल तर तो बँकेत दाखवा. बँक विलीन होऊन आयएफएससी बदलणं, खाते क्रमांकाचा एखादा आकडा चुकणं, केवायसीमुळे खातं अडकणं, ही नेहमीची कारणं. ‘बँकेला सुट्टी होती’ हे उत्तर पुरतं खरं नाही, कारण एनईएफटी डिसेंबर 2019 पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं. सुट्टीमुळे अडते ती बहुधा कंपनीतली सही.

ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कंपनीकडे लेखी अर्ज द्या, कारण ठेकेदाराने थकवलेला पगार देण्याची जबाबदारी शेवटी तिच्यावर येते. तिथेही दाद लागली नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. सोबत पावती, हजेरीची नोंद आणि तीन महिन्यांचं पासबुक असू द्या.