तपकिरी बिस्किटांचा पुडा वाचताना या चुका टाळा

बाबांना मधुमेह निघाला आणि घरात पहिली गदा आली ती चहासोबतच्या ग्लुकोज बिस्किटांवर. त्यांच्या जागी तपकिरी, खरखरीत, ‘होल व्हीट’वाली बिस्किटे आली. पुड्यावर गव्हाच्या लोंब्या, आणि ‘फायबरयुक्त’ असा हिरवा शिक्का. बाबा निर्धास्त झाले आणि दोनाऐवजी चार बुडवू लागले. दोन महिन्यांनी मी पुडा उलटा करून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा कळले की आम्ही फक्त रंग बदलला होता.

चूक पहिली: पुढची बाजू वाचून पुडा टोपलीत टाकणे

मागच्या बाजूला घटकांची यादी असते, आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. आमच्या पुड्यावरची यादी अशी होती: रिफाइंड व्हीट फ्लोअर ४८ टक्के, पाम तेल, साखर, होल व्हीट फ्लोअर १२ टक्के, गव्हाचा कोंडा ३ टक्के, इन्व्हर्ट शुगर सिरप, लिक्विड ग्लुकोज, मग दुधाची पावडर, खाण्याचा सोडा वगैरे.

रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे आपला मैदा. बऱ्याचदा शेजारी कंसात तसे लिहिलेलेही असते, पण ‘व्हीट’ हा शब्द दिसला की डोळे तिथेच समाधान मानतात. आता हिशेब करा. मैदा ४८, कणीक १२, कोंडा ३, म्हणजे पिठाचा भाग ६३. त्यात मैदाच तीन चतुर्थांश! तरीही ‘होल व्हीट’ हे शब्द खोटे नाहीत, कारण कणीक आहेच. किती आहे, ते मागे लिहिलेय.

कंपनी एखाद्या घटकाचे नाव पुढे मिरवते, तेव्हा त्याची टक्केवारी मागे द्यावी लागते. हा आकडा मोजपट्टीसारखा वापरता येतो. आमच्या पुड्यावर साखरेची टक्केवारी नव्हती, पण साखर कणकेच्या आधी होती. म्हणजे ती १२ टक्क्यांहून कमी असूच शकत नाही. पाम तेलाचेही तेच.

तपकिरी रंगावर तर मुळीच जाऊ नका. यादीत ‘कॅरामल कलर’ किंवा १५० ए, बी, सी, डी यांपैकी काही दिसले, तर रंगाचा काही वाटा त्याचा आहे.

चूक दुसरी: यादीत फक्त ‘शुगर’ शोधणे

साखर एका नावाने राहत नाही. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ हे सगळे तिचेच भाऊबंद. वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे वजन थोडे भरते आणि नावे यादीत खाली सरकतात.

त्यामुळे नावे मोजत बसण्यापेक्षा पोषणमूल्यांच्या तक्त्यातली ‘ॲडेड शुगर्स’ ही ओळ पाहावी. तिथे सगळ्यांची बेरीज असते. आमच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे १९ ग्रॅम होती. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र बहुतांशी या ओळीतून निसटते, कारण तांत्रिक व्याख्येत ते साखर नाही, स्टार्चचा तुकडा आहे. रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवते. मधुमेह असेल तर ‘कार्बोहायड्रेट’ची संपूर्ण ओळ बघावी, आमच्याकडे ती ६९ ग्रॅम होती.

चूक तिसरी: ‘एका सर्व्हिंग’च्या आकड्यावर विसंबणे

तक्त्यात एक सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटे, १६ ग्रॅम. त्यात ३ ग्रॅम साखर, दिवसाच्या मर्यादेच्या ६ टक्के. किरकोळच वाटते. पण ही टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून काढलेली असते, आणि ती २००० कॅलरी खाणाऱ्या निरोगी माणसासाठीची. बाबा दोन वेळच्या चहाला चार-चार खात होते. आठ बिस्किटे, ६४ ग्रॅम, त्यात १२ ग्रॅम साखर. म्हणजे सपाट तीन चमचे. चहा बिनसाखरेचा करून आम्ही काय वाचवले?

फायबरचा शिक्काही असाच. १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम तंतू असले की तो दावा करता येतो. आमच्याकडे ४ होते, आणि त्यातला तिसरा हिस्सा वरून घातलेल्या चिमूटभर कोंड्याचा असावा. आठ बिस्किटांत अडीच ग्रॅम. एवढे दीड पोळीत सहज मिळतात.

मग ‘शुगर फ्री’ घ्यावीत का? बाबांनी तेही करून पाहिले. त्या पुड्यावर पहिला घटक मैदा, आणि गोडीला माल्टिटॉल. तो रक्तातली साखर कमी वाढवतो, पण वाढवतोच. शिवाय जास्त झाला तर पोट बिघडते. तशी सूचना पुड्यावरच होती, अगदी शिवणीजवळ. बाबांना ती तिसऱ्या दिवशी वाचायला मिळाली. हल्ली संध्याकाळच्या चहाला मूठभर फुटाणे असतात, आणि सकाळी दोन बिस्किटे. ती मात्र तीच जुनी, ग्लुकोजची.