क्लासचं होर्डिंग वेगळं, पॅम्प्लेट वेगळं

लक्ष वेधणं, रस निर्माण करणं, इच्छा जागवणं, कृती करायला लावणं या जाहिरातीच्या चारही पायऱ्या होर्डिंगवर कोंबू नका. भांडुप स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेकडे धावणारी आई वर बघते ती जेमतेम दोन-तीन सेकंद. तिथे लक्ष आणि कृती एवढंच पुरतं: "दहावीची भूमिती अडतेय?" आणि खाली ठळक फोन नंबर. सरांचा फोटो आणि 'प्रवेश सुरू' सगळ्यांच्याच होर्डिंगवर असतं, म्हणून ते कुणाच्या नजरेत भरत नाही.

पॅम्प्लेट घरी जातं, निवांत वाचलं जातं. मथळा तोच ठेवा, ओळख पटते. मग रस: "प्रमेय पाठ आहे, पण उदाहरणात कुठलं वापरायचं ते सुचत नाही?" ही तक्रार आईने मुलाच्या तोंडून ऐकलेली असते. इच्छेसाठी 'उज्ज्वल यश' नको (ते कुणीही छापतं). "एका बॅचला 15 मुलं, दर रविवारी 40 गुणांचा पेपर, बुधवारी तपासून पालकांच्या हातात" असं लिहा; अर्थात खरंच करत असाल तेवढंच. शेवटी कृती एकच: "शनिवारी संध्याकाळी 6 ला मोफत तास, येताना शाळेचा शेवटचा पेपर आणा." फोन, क्यूआर कोड, फॉर्म असं सगळं एकदम दिलंत की पालक 'बघू नंतर' म्हणून पॅम्प्लेट बाजूला ठेवतात.