बोर्दोचं ब्लेंडिंग टेबल: नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

वाइन शिकायला नाशिककडून येणाऱ्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की एकाच द्राक्षाची वाइन म्हणजे अस्सल आणि ब्लेंड म्हणजे उरलंसुरलं खपवलेलं. आपल्याकडे बाटलीवर शेनिन, शिराझ असं जातीचंच नाव ठळक असतं ना, म्हणून असेल. आणि गंमत म्हणजे युरोपात लेबलवर एकाच जातीचं नाव असलं तरी 15 टक्क्यांपर्यंत दुसरी द्राक्षं चालतात.

मी फ्रान्समधल्या बोर्दोत, मेडोक भागातल्या एका सेलरमध्ये काम केलं. तिथे कॅबर्ने सोविन्यों, मर्लो आणि थोडं पेती व्हर्दो मुद्दाम सोबत लावतात, कारण पावसाचा भरवसा नाही. मर्लो लवकर फुटतं म्हणून वसंतातल्या थंडीत सापडतं, कॅबर्ने उशिरा पिकतं म्हणून शरदातल्या पावसात. 1984 ला मर्लोची फुलं इतकी गळाली की मेडोकच्या बऱ्याच वाइन जवळपास कॅबर्नेवरच काढाव्या लागल्या. एकाच जातीवर बसलेला माणूस अशा वर्षी मेलाच.

दुसरं कारण चवीचं. कॅबर्नेला तोंड कोरडं करणारं टॅनिन आणि कणा असतो पण मधे पोकळ लागतं, ती जागा मर्लोचा गर भरतो. पेती व्हर्दो रंग आणि मसालेदारपणा देतं, पण जरा जास्त झालं की बाकी सगळ्यांना दाबून टाकतं.

प्रत्येक प्लॉटची वाइन वेगळी आंबवतात, मग हिवाळ्यात ब्लेंडिंगला बसतात. 100 मिलीचा मोजणी सिलिंडर घ्यायचा म्हणजे मिली तेच टक्के. समजा 70 कॅबर्ने, 30 मर्लो. मग दुसऱ्या ग्लासात 67, 30 आणि 3 मिली पेती व्हर्दो, आणि हे 3 मिली पिपेटनेच घ्या, अंदाजाने ओतलं तर 5 होतात आणि चव वेगळीच येते. ग्लासांवर फक्त नंबर टाका, कोणी बघत नसताना क्रम बदला. आवडलेलं मिश्रण झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी परत चाखा, कारण ताजं मिसळलेलं बरेचदा विस्कटलेलं लागतं.

मग हिशोब. पेती व्हर्दोचे 225 लिटरचे 10 बॅरल असतील तर 2,250 लिटर, म्हणजे 5 टक्के धरले तर जास्तीत जास्त 45,000 लिटरच ब्लेंड होणार. टेबलावर सगळ्यात भारी लागलेलं मिश्रण इथेच बाद होतं.

सगळीकडे हे लागू नाही हं, बोर्दोतल्याच पोमरॉलच्या पेत्रुस या वाइनरीला चिकणमाती अशी मिळालीय की जवळपास नुसतं मर्लोच पुरतं. आणि व्हिनेगरचा वास मारणारा लॉट ब्लेंडमध्ये लपेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, चांगल्या टाकीचीही वाट लागते. नुसता हलका पडलेला लॉट असेल तर तो त्याच वाइनरीच्या दुय्यम वाइनकडे जातो, मेडोकच्या शातो लातूरची ले फोर द लातूर तशीच.