तळहात-तळपायांना सतत घाम येतो? कारण थायरॉईडचं, चिंतेचं की घर्मग्रंथींचं, हे आठवडाभरात कसं ओळखावं

पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागतो, शाई पसरते, मोबाईल बोटाचा ठसा ओळखत नाही, चपलेत पाय सटकतो. अशा मुलाला किंवा मुलीला दोनच गोष्टी सांगितल्या जातात: ‘टेन्शन घेऊ नकोस’ नाहीतर ‘थायरॉईड तपासून घे’. बहुतेक वेळा खरं कारण तिसरंच असतं. ते ओळखायला महागड्या तपासण्या लागत नाहीत. सात दिवस नीट निरीक्षण केलं, तर बराच उलगडा घरीच होतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. ‘घर्मग्रंथी जास्त काम करतात’ असं आपण म्हणतो, पण या मुलांच्या ग्रंथी आकाराने आणि संख्येने इतरांसारख्याच असतात. त्यांना घाम सोडायला सांगणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतात. तळहात आणि तळपायाच्या ग्रंथी उष्णतेपेक्षा मनातल्या हालचालींना लवकर प्रतिसाद देतात. त्यामुळे साध्या विचारानेही हात भिजतात आणि बघणाऱ्याला वाटतं, पोरगं घाबरलंय.

पहिली पायरी: झोपेत हात तपासा

सगळ्यात उपयोगी खूण हीच, आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही. विद्यार्थी गाढ झोपला की दीड-दोन तासांनी घरातल्या कुणीतरी त्याच्या तळहाताला अलगद बोट लावावं. हात कोरडा असेल, तर मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडीही मोजावी. हे दोन-तीन रात्री करा.

ग्रंथींकडे जाणाऱ्या अतिरिक्त संदेशांचा हा घाम झोपेत थांबतो. थायरॉईडचं संप्रेरक जास्त झालं असेल, तर शरीर झोपेतही तापलेल्या इंजिनासारखं चालू राहतं आणि नाडी जलदच राहते. चिंतेमुळे जागेपणी धडधडणारं हृदय झोपेत सहसा शांत होतं. म्हणजे हात कोरडा आणि नाडी संथ असेल, तर थायरॉईडचा संशय बराच कमी होतो. उरतो प्रश्न बाकीच्या दोघांचा.

रात्री हातच नव्हे तर अंगावरचे कपडे भिजत असतील, सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर घरची तपासणी बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

दुसरी पायरी: घाम कुठे येतो आणि अंगात आणखी काय घडतं

थायरॉईड वाढल्याचा घाम साधारण सगळ्या अंगाला येतो. उकाडा अजिबात सोसत नाही, भूक वाढूनही वजन घटतं, बसल्या जागी छाती धडधडते, शौचाला वारंवार जावं लागतं, मुलींची पाळी बिघडू शकते. हात हातात घेतले तर ओले आणि गरम लागतात. ग्रंथींच्या घामात ते बऱ्याचदा ओले पण गार असतात. हात समोर ताठ धरून पसरलेल्या बोटांवर पातळ कागद ठेवा. कागद बारीक थरथरला, तर ती थायरॉईडकडे बोट दाखवणारी, दखल घेण्यासारखी खूण आहे.

तिसरी पायरी: आधी काय आलं, घाम की भीती?

इथे घोळ होतो, कारण घामाची लाज वाटून चिंता येते आणि चिंतेने घाम आणखी वाढतो. म्हणून सात दिवस वहीत तीनच गोष्टी लिहा: वेळ, तेव्हा काय चाललं होतं आणि मनात काय होतं. एकटं बसून आवडीचं काही वाचतानाही हात ओले होत असतील, तर मूळ कारण चिंता असण्याची शक्यता कमी. काळजी आधी दाटून येते, श्वास अपुरा वाटतो, पोटात गोळा येतो, झोप उडते आणि मग घाम फुटतो, असा क्रम असेल तर चिंतेवर उपचार घ्यावेत. तोही खरा आजार आहे आणि त्याला उपाय आहेत.

आता एक उदाहरण बघा. १९ वर्षांची विद्यार्थिनी, दोन्ही तळहात आणि तळपाय सहावीपासून ओले. वहीत दिसलं की सुट्टीच्या सकाळी निवांत बसलेली असतानाही हात भिजले. परीक्षेच्या दिवशी छाती धडधडली, पण हात घरून निघायच्या आधीच ओले होते. बहिणीने दोन रात्री तपासलं: तळहात कोरडे, नाडी ५८. जागेपणी बसून ७६. कागद थरथरला नाही, वजन वर्षभर तेवढंच. वडिलांचेही हात लहानपणी असेच होते.

घर्मग्रंथींचा घाम ओळखताना डॉक्टर याच गोष्टी विचारतात: सहा महिन्यांहून जास्त काळ, दोन्ही बाजूंना सारखा, पंचविशीच्या आत सुरू झालेला, आठवड्यातून निदान एकदा येणारा, कामात अडथळा आणणारा, घरात कुणाला तरी असलेला आणि झोपेत थांबणारा घाम. सगळ्या खुणा जुळायलाच हव्यात असं नाही. पण फक्त एकाच हाताला घाम येत असेल किंवा नवं औषध सुरू केल्यानंतर तो आला असेल, तर चित्र वेगळं आहे. नैराश्यावरची आणि एकाग्रतेसाठी दिली जाणारी काही औषधं घाम वाढवतात. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

थायरॉईडची शंका राहिली तर रक्ताची टीएसएच तपासणी पुरेशी सुरुवात आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, कारण त्यांच्यामुळे थायरॉईड वाढल्यासारखा चुकीचा निकाल येऊ शकतो. निरोगी मुलीला त्यावरून उपचार सुरू व्हावेत, हे मला फार वाईट वाटतं.

चौथी पायरी: पहिला उपाय नीट लावा

सुरुवात साधारणपणे ॲल्युमिनियम क्लोराईडच्या २० टक्के द्रावणाने होते. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच तयार करतं. आपल्या विद्यार्थिनीने ते हात धुतल्याधुतल्या लावलं, आग झाली आणि तिने बाटली ठेवून दिली. चूक इथेच होते: ओल्या त्वचेवर या द्रावणातून आम्ल तयार होतं. घाम थांबलेला असतो तेव्हा, म्हणजे झोपताना, हात पूर्ण कोरडे करून, हवं तर केस वाळवायच्या यंत्राची गार हवा मारून, पातळ थर लावायचा आणि सकाळी धुऊन टाकायचा. चिरलेल्या किंवा नुकत्याच दाढी-वॅक्सिंग केलेल्या त्वचेवर लावायचा नाही. फरक पडेपर्यंत रोज रात्री, मग आठवड्यातून एक-दोनदा.

तळहाताची त्वचा जाड असल्याने काखेइतका गुण इथे येत नाही. तीन-चार आठवड्यांनी समाधान नसेल, तर पुढचा उपाय आयन्टोफोरेसिस: उथळ पाण्यात हात-पाय ठेवून सौम्य वीजप्रवाह, साधारण २० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा करायचा नाही. गोळ्या आणि बोटुलिनमची इंजेक्शनं त्यानंतर, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

छातीतल्या मज्जातंतूची शस्त्रक्रिया मात्र शेवटी, तीही खूप विचार करून. हात कोरडे होतात, पण पुष्कळांना त्या बदल्यात पाठ, पोट आणि मांड्यांना घाम सुटतो, आणि तो परत फिरवता येईलच असं नाही.

पायांकडे दुर्लक्ष नको. सतत ओल्या तळपायावर बारीक खड्डे पडून उग्र वास येऊ लागला, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्याला वेगळं मलम लागतं. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला सुकायला पूर्ण दिवस मिळेल.