कवितेचा शेवट: तात्पर्य गाळा, चित्र ठेवा

2019 च्या महापुरावर कोल्हापुरात बऱ्याच जणांनी कविता लिहिल्या. त्यांतल्या अनेकींचा शेवट एकाच वळणावर जातो. नमुन्यासाठी रचलेल्या या ओळी पाहा:

पाणी उतरलं. भिंतीवर ओलीची रेघ
छातीच्या उंचीवर थांबलेली.
आई ट्रंकेतली लुगडी काढून
दोरीवर टाकते एकेक.
माणूस खचत नाही, हेच खरं,
पुन्हा उभा राहतो नव्या उमेदीनं.

आधी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवा आणि उरलेलं मोठ्यानं वाचा. कधी कधी कविता तिथंच पुरी झालेली असते, मग पुढं काही करायला नको. इथं मात्र लुगड्यांवर आवाज अधांतरी राहतो. म्हणजे शेवट हवाच आहे, फक्त हा नको.

तो शोधायला कवितेबाहेर जाऊ नका. बाहेर गेलं की चिखलातून वर आलेलं कोवळं रोप हमखास हाती लागतं. दिसायला ते चित्र, पण आत तीच उमेद लपलेली. ओळखायची खूण सोपी आहे: चित्राचा अर्थ एका वाक्यात सांगून बघा. सांगून झाल्यावर मागं काहीच उरलं नाही, तर ते वेष बदललेलं तात्पर्य समजा.

आता आधीच्या ओळींत काय अर्धवट राहिलंय ते बघा. लुगडी वाळतील, त्यांचं काम संपेल. भिंतीवरची रेघ मात्र राहणार. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी, हे शहरात पोराटोरांनाही पाठ असतं, पण तो आकडा बातमीचा आहे. घरातलं माप म्हणजे ही रेघ. तिच्याजवळ कुणाला तरी न्या आणि काहीतरी करू द्या:

धाकटी त्या रेघेला पाठ लावून
उंची मोजायला सांगते.

मुलगी वाढणार आहे, हे यात आलं. पाणी पुन्हा येईल का, तेव्हा ती केवढी असेल, रेघ पुसायची की ठेवायची, हे प्रश्न न विचारताच उभे राहतात. ‘सांगते’ हे वर्तमानकाळी क्रियापदही मुद्दाम ठेवलंय. ‘सांगितली’ म्हटलं असतं तर प्रसंग आटोपला असता.

इथवर आल्यावर हात शिवशिवतो. ‘पुढच्या पुराआधी’ असं काहीतरी जोडावंसं वाटतं. जोडू नका. आणि उलट्या बाजूनंही सांभाळा: रेघ पहिल्या ओळीत आली नसती, तर धाकटी एकदम कुठून उपटली असं वाटलं असतं. शेवटच्या चित्राची एक तरी वस्तू वाचकाला आधी भेटलेली हवी.

अभंगाला किंवा पोवाड्याला हा नियम लावायला जाऊ नये. ‘तुका म्हणे’ नंतर येणारा उपदेश ऐकायलाच माणसं बसलेली असतात.